ऑफिस आहे तिथंच, तरी डेटाबेस म्हणतो पत्ता बदलला

नमस्कार मॅडम,

सोमवारी सकाळी फोनवर तुम्ही चिडून विचारलंत, "ऑफिस आहे तिथंच आहे, आम्ही एक खुर्चीसुद्धा हलवलेली नाही, मग पत्ता कसा बदलतो?" प्रश्न अगदी बरोबर होता. मी घाईत "आयपी बदलला, दोन मिनिटांत करून देतो" एवढंच म्हणालो. असं मी चौथ्यांदा म्हणालो, हे फोन ठेवल्यावर लक्षात आलं. एकच गोष्ट चार वेळा "करून देतो" म्हणावं लागतंय म्हणजे ती कधीच नीट झालेली नाही. म्हणून हे सविस्तर पत्र. अकाउंट्सच्या ताईंनाही वाचायला द्या, कारण सकाळी पहिला फटका त्यांनाच बसतो.

पत्रात तुमच्या ऑफिसचे खरे आकडे लिहीत नाही. त्यांच्या जागी उदाहरणांसाठीच राखून ठेवलेले पत्ते वापरलेत. ते जगात कुणालाच दिले जात नाहीत, त्यामुळे पत्र कुणाच्याही हाती लागलं तरी काळजी नाही.

आधी पत्त्याचं. इथे पत्ता म्हणजे तुमची इमारत नव्हे. तुमच्या ऑफिसमधून इंटरनेटवर काहीही गेलं की पलीकडच्या सर्व्हरला एक आकडा दिसतो, समजा `203.0.113.57`. यालाच मी फोनवर आयपी म्हणालो. हा आकडा तुमच्या मालकीचा नाही. इंटरनेट देणाऱ्या कंपनीकडे अशा आकड्यांचा साठा असतो आणि राउटर चालू झाला की त्यातला एक ती तुम्हाला वापरायला देते. वीज गेली, राउटर बंद-चालू केला, कंपनीने रात्री काही काम काढलं किंवा दिलेली मुदत संपली, की पुढच्या वेळी दुसरा आकडा मिळू शकतो. कधी महिनोन्‌महिने तोच राहतो, कधी एका आठवड्यात दोनदा बदलतो. बिल, वेग, फोन नंबर सगळं तेच राहतं, म्हणून आपल्याला काही बदललंय याचा पत्ताच लागत नाही.

आता डेटाबेसचं. तुमची वेबसाइट आणि तिचा ऑर्डरींचा डेटाबेस एकाच सर्व्हरवर आहेत. ताई मात्र साइटवरून आकडे बघत नाहीत. त्यांच्या कॉम्प्युटरवरचं रिपोर्टचं सॉफ्टवेअर ऑफिसमधून थेट डेटाबेसला जोडलं जातं. डेटाबेसचं दार, म्हणजे पोर्ट `3306`, मी सगळ्या जगाला उघडं ठेवलेलं नाही. तिथे परवानगीची यादी आहे आणि यादीतल्या पत्त्यावरून आलेल्यालाच आत सोडलं जातं. गेटवरच्या वॉचमनच्या वहीत गाड्यांचे नंबर लिहिलेले असावेत, तसं. गोम अशी की तुम्ही येताय भाड्याच्या गाडीने आणि वॉचमन माणूस ओळखत नाही, फक्त नंबर वाचतो. गाडी बदलली की गेट बंद.

साइट मात्र त्याच वेळी व्यवस्थित चालत असते, ऑर्डरी येत असतात. याचं कारण साइट सर्व्हरच्या आतूनच डेटाबेसशी बोलते, तिला गेट ओलांडावंच लागत नाही. त्यामुळे "साइट चालू, रिपोर्ट बंद" ही या बिघाडाची पहिली खूण. दोन्ही एकदम बंद असतील तर भानगड वेगळी आहे, तेव्हा लगेच फोन करा.

दुसरी खूण त्याहून पक्की आहे. रिपोर्ट उघडताना चूक झटकन येते की स्क्रीन आधी थांबून राहते, हे बघायचं. यादीत नसलेल्या पत्त्याला आमचा फायरवॉल, म्हणजे गेटवरचा तोच वॉचमन, "नाही" असंही म्हणत नाही, तो गप्प बसतो. सॉफ्टवेअर बिचारं उत्तराची वाट बघतं, पुन्हा हाक मारतं आणि दहा-वीस सेकंदांनी हात टेकतं. ताईंच्या स्क्रीनवर सोमवारी हे आलं होतं:

```
ERROR 2003 (HY000): Can't connect to MySQL server on 'db.example.com:3306' (10060)
```

यातला शेवटचा `10060` महत्त्वाचा. विंडोजच्या भाषेत त्याचा अर्थ "वाट बघितली, उत्तर आलं नाही". तिथे `10061` असता तर अर्थ बदलला असता: सर्व्हरपर्यंत पोहोचलो, पण त्या दारावर कुणी ऐकतच नाही, म्हणजे डेटाबेसच बंद पडलाय. शेवटच्या एका आकड्याचा फरक, पण एकात यादी तपासायची आणि दुसऱ्यात माझी झोप मोडायची. म्हणून "एरर आली" असं न सांगता स्क्रीनचा फोटो पाठवा, असं मी सारखं म्हणत असतो.

आता चार वेळा नेमकं काय झालं ते सांगतो, कारण चारही वेळा तक्रार एकच असली तरी कारणं एकसारखी नव्हती.

पहिल्यांदा रात्री वीज गेली होती. सकाळी राउटरला `203.0.113.57` ऐवजी `203.0.113.112` मिळाला. मी तुम्हाला "तुमचा आयपी पाठवा" म्हणालो आणि तुमच्याकडून `192.168.1.14` आला. चूक तुमची नाही, कमांड मीच अर्धवट सांगितली होती. `ipconfig` जो आकडा दाखवतं तो ऑफिसच्या आतला असतो, ताईंच्या कॉम्प्युटरला राउटरने दिलेला. `192.168` ने सुरू होणारे पत्ते लाखो घरांत आणि ऑफिसांत एकाच वेळी वापरात असतात आणि ते राउटरच्या बाहेर कधी पडतच नाहीत. आपल्याला हवा बाहेरून दिसणारा आकडा. तो असा मिळतो:

```
curl -4 ifconfig.me
```

तो आला, मी यादीत घातला आणि "झालं" म्हणून कळवलं. पाच मिनिटांत तुमचा फोन, अजून बंदच आहे! या वेळी मात्र चूक झटकन आली होती, वाट न बघता:

```
ERROR 1130 (HY000): Host '203.0.113.112' is not allowed to connect to this MySQL server
```

इथे मी अर्धा तास घालवला, कबूल करतो. झालं असं की आपल्याकडे कुलपं दोन आहेत. एक फायरवॉलचं, दुसरं डेटाबेसच्या आत. रिपोर्टसाठी मी जो वापरकर्ता बनवला होता त्याचं पूर्ण नाव नुसतं `report` नाही, `'report'@'203.0.113.57'` असं आहे. MySQL या आपल्या डेटाबेसमध्ये नाव आणि पत्ता मिळून एक वापरकर्ता होतो. पासवर्ड बरोबर असला तरी पत्ता जुळला नाही तर तो परकाच. बाहेरचं गेट उघडलं होतं, आतल्या खोलीचं दार जुन्याच पत्त्यावर अडून होतं. या चुकीत एक सोय मात्र आहे. सर्व्हरला तुमचा कुठला पत्ता दिसतोय तो त्यातच छापलेला असतो, वेगळा विचारावा लागत नाही.

दुसऱ्यांदा नेट स्लो झालं म्हणून कुणीतरी राउटर बंद-चालू केला. पत्ता बदलला, आता दोन्ही कुलपं माहीत होती, काम पटकन झालं. त्याबद्दल लिहिण्यासारखं जास्त काही नाही.

तिसऱ्यांदा गंमत होती. सकाळी रिपोर्ट चाले, अकरा वाजता बंद, साडेबाराला आपोआप चालू. मी काहीच केलं नव्हतं, तरी तुम्ही "थँक्यू" म्हणून मेसेज केलात आणि मी तो घेतलाही! नंतर कळलं की ऑफिसमध्ये दोन कंपन्यांच्या दोन लाइन आहेत आणि पहिली पडली की राउटर गुपचूप दुसरीवर जातो. दुसऱ्या लाइनचा पत्ता `198.51.100.24`, तो यादीत कुठून असणार? पहिली लाइन परत आली की सगळं सुरळीत. आपोआप बंद आणि आपोआप चालू होणारा प्रकार दिसला की आधी विचारायचं, "लाइन किती आहेत?" मी ते तीन महिन्यांत विचारलं नव्हतं.

चौथी वेळ म्हणजे परवाचा सोमवार, आणि खरं तर या पत्राचं कारण तीच आहे. बाहेरून दिसणारा पत्ता `192.0.2.200` असा भलताच आला. ताईंकडून राउटरचं पान उघडून घेतलं, तर तिथे इंटरनेटच्या बाजूचा पत्ता `100.72.14.9` होता. हे दोन आकडे एकच असायला हवेत. ते वेगळे निघाले आणि राउटरवरचा `100.64` ते `100.127` यांच्या मधला असला, की समजायचं कंपनीने तुमची लाइन सामायिक पत्त्यामागे टाकली आहे. जगात जुन्या पद्धतीचे पत्ते कमी पडतात, म्हणून कंपन्या अनेक ग्राहकांना मिळून बाहेर एकच पत्ता देतात. भाड्याची गाडी गेली, आता तुम्ही बसमधून येताय. बसचा नंबर वहीत लिहिला तर तुमच्याबरोबर बसमधले सगळे गेटच्या आत. वर तीच बस रोज मिळेल याचीही खात्री नाही.

सोमवारी मी तो सामायिक पत्ता यादीत घातला, कारण ताईंना दुपारपर्यंत आकडे द्यायचे होते. ते मला आवडलेलं नाही. यादी आता अशी दिसते:

```
[ 1] 3306/tcp   ALLOW IN   203.0.113.57
[ 2] 3306/tcp   ALLOW IN   203.0.113.112
[ 3] 3306/tcp   ALLOW IN   203.0.113.88
[ 4] 3306/tcp   ALLOW IN   198.51.100.24
[ 5] 3306/tcp   ALLOW IN   192.0.2.200
```

पहिले तीन आज तुमचे नाहीत. ते कुणा अनोळखी ग्राहकाकडे गेले असणार. त्या माणसाला हे माहीतही नसेल, पण त्याच्या घरच्या व्हायरस लागलेल्या कॉम्प्युटरला तुमच्या डेटाबेसचं बाहेरचं गेट उघडं आहे. प्रत्येक वेळी मी नवा पत्ता घातला आणि जुना काढला नाही, "परत तोच मिळाला तर?" या विचाराने. हा माझा आळस होता. रिपोर्ट बंद पडतो तो त्रास तुम्हाला दिसतो. यादी वाढत जाते तो धोका कुणालाच दिसत नाही, आणि मला विचाराल तर दोन्हींत तोच मोठा.

तुम्ही फोनवर दोन उपाय सुचवले होते. पहिला, "सगळ्यांनाच उघडून टाका, पासवर्ड आहेच ना." नको. `3306` सगळ्यांना उघडा ठेवला की पासवर्ड ओळखायचा प्रयत्न करणारे प्रोग्राम रात्रंदिवस दार ठोठावतात, आणि डेटाबेसच्या सॉफ्टवेअरमध्ये उद्या एखादं भोक सापडलं तर पासवर्डचा काही उपयोग नसतो. "मग कंपनीच्या सगळ्या पत्त्यांना परवानगी द्या" हाही त्याचाच धाकटा भाऊ. `203.0` ने सुरू होणारे सगळे पत्ते घ्यायचे म्हटले तर ते ६५,५३६ होतात, आणि त्यातला एक तुमचा.

दुसरा उपाय, कंपनीकडून कायमचा पत्ता विकत घेणे. हा प्रामाणिक उपाय आहे आणि सामायिक पत्त्यातूनही त्याने सुटका होते. पण तुमच्या लाइन दोन आहेत, म्हणजे दोन्हींवर घ्यावा लागेल, दर महिन्याला पैसे भरावे लागतील आणि ताई घरून काम करतील त्या दिवशी तो कामाचा नाही. तुमचं ऑफिस एकाच लाइनवर असतं आणि सगळे तिथूनच काम करत असते तर मी हाच सुचवला असता.

कुणीतरी तुम्हाला असंही सांगितलंय की बदलत्या पत्त्याला एक नाव जोडून घ्या आणि यादीत ते नाव घाला. नाव मिळतं, पण आपला फायरवॉल नाव ओळखत नाही, आकडाच ओळखतो. नियम लिहिताना नावाचा आकडा करून घेतला तरी तो त्या क्षणाचा असतो. संध्याकाळी पत्ता बदलला की परत पहिले पाढे पंचावन्न. आणि सामायिक पत्त्याचा प्रश्न तसाच राहतो.

माझं म्हणणं असं की गाडीचा नंबर बघणं सोडून माणसाचं ओळखपत्र बघायला लागू. यासाठी सर्व्हरवर वायरगार्ड बसवतो. तो ताईंचा कॉम्प्युटर आणि सर्व्हर यांच्यात एक बंद बोगदा तयार करतो. बोगद्याच्या आत पत्ते आपण ठरवायचे: सर्व्हर `10.8.0.1`, ताई `10.8.0.2`. बाहेर पत्ता काहीही होवो, आतला बदलत नाही, कारण तो देणारे आपणच. ओळख पटते ती किल्लीवरून. बरोबर किल्लीने बंद केलेला संदेश कुठल्याही पत्त्यावरून आला तरी सर्व्हर तो मानतो आणि पुढचं उत्तर त्याच पत्त्यावर पाठवतो. मधेच लाइन बदलली तर बोगदा काही सेकंदांत सावरतो. ताईंच्या कॉम्प्युटरवर एवढीच फाइल लागेल:

```
[Interface]
PrivateKey = (ताईंची किल्ली)
Address = 10.8.0.2/32

[Peer]
PublicKey = (सर्व्हरची किल्ली)
Endpoint = db.example.com:51820
AllowedIPs = 10.8.0.1/32
PersistentKeepalive = 25
```

`AllowedIPs` मध्ये मुद्दाम एकच पत्ता ठेवला आहे. फक्त डेटाबेसकडे जाणारं बोगद्यातून जाईल, बाकी इंटरनेट नेहमीच्या वाटेने. इथे `0.0.0.0/0` लिहिलं तर ताईंचे व्हिडिओ कॉलसुद्धा सर्व्हरवरून फिरून जातील आणि मग "नेट स्लो झालं" म्हणून राउटर परत बंद-चालू होईल. शेवटची ओळ दर २५ सेकंदांनी एक छोटासा संदेश पाठवते, नाहीतर राउटर आणि कंपनीचं सामायिक यंत्र थोड्या वेळाने ही वाट विसरून जातं.

सर्व्हरच्या बाजूला बोगद्याचं दार सगळ्यांना उघडं ठेवावं लागतं, ते टळत नाही. पण बरोबर किल्ली नसलेल्याला वायरगार्ड काहीच उत्तर देत नाही. बाहेरून चाचपडणाऱ्याला तिथे दार आहे हेही कळत नाही. मग डेटाबेसची यादी एका ओळीची होते:

```
ufw allow 51820/udp
ufw allow in on wg0 from 10.8.0.2 to any port 3306 proto tcp
```

आणि आतलं कुलूप:

```
RENAME USER 'report'@'192.0.2.200' TO 'report'@'10.8.0.2';
```

नाव असं बदललं की त्या वापरकर्त्याचे अधिकार तसेच राहतात, नव्याने द्यावे लागत नाहीत. बाकीच्या पत्त्यांवरचे जुने `report` काढून टाकीन आणि वरच्या यादीतल्या पाचही ओळी जातील. ताईंच्या सॉफ्टवेअरमध्ये सर्व्हरच्या नावाच्या जागी `10.8.0.1` लिहायचं. पासवर्ड तोच.

एक खाच मला माझ्याकडे सांभाळावी लागेल. डेटाबेसने फक्त सर्व्हरच्या आत आणि बोगद्याच्या पत्त्यावर ऐकावं असं मी करणार आहे. पण सर्व्हर रीस्टार्ट होताना डेटाबेस बोगद्याच्या आधी उठला तर `10.8.0.1` तेव्हा अस्तित्वातच नसतो, डेटाबेस चालू व्हायला नकार देतो आणि मग साइटही बंद. म्हणून आधी बोगदा, मग डेटाबेस, असा क्रम बांधून देतो आणि तुमच्यासमोर एकदा रीस्टार्ट करून दाखवतो. हे रात्री करू, ऑर्डरी कमी असतात तेव्हा.

तुमच्याकडून सांभाळायची गोष्ट एकच. ही फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर कॉपी करायची नाही. करावीशी वाटेल, कारण ती तिथेही चालते. पण एकच किल्ली दोन ठिकाणांहून वापरली की सर्व्हर शेवटी जिथून संदेश आला तिकडे उत्तर पाठवतो, मग दोघींचं पाळीपाळीने तुटत राहतं आणि दुपारभर कुणाला कारण सापडत नाही. नवीन माणूस आला तर मला सांगा, `10.8.0.3` आणि वेगळी किल्ली देतो. लॅपटॉप हरवला तरी सांगा. तेवढी एक किल्ली रद्द केली की झालं, बाकीच्यांना धक्का लागत नाही.

नीट झालं की नाही हे कसं कळणार? ताईंचा कॉम्प्युटर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जोडून रिपोर्ट उघडायचा. मोबाइलचा पत्ता आपल्या यादीत कधीच नव्हता, त्यामुळे तिथून उघडला तर बोगदा खरंच काम करतोय. पुढे कधी अडलं तर वायरगार्डच्या खिडकीत `Latest handshake` ही ओळ बघा. वेळ एक-दोन मिनिटांपूर्वीची असेल तर बोगदा ठीक आहे, दोष सॉफ्टवेअरचा किंवा डेटाबेसचा. काही तासांपूर्वीची असेल किंवा ओळच नसेल तर बोगदा जुळलेला नाही. मग हॉटस्पॉटवर करून बघा. तिथे चाललं तर ऑफिसच्या राउटरने किंवा कंपनीने ती वाट अडवली आहे. बोगद्याचे संदेश ज्या `UDP` पद्धतीने जातात ती काही ठिकाणी बंद असते, त्यावर दुसरा मार्ग काढता येतो.

गुरुवारी रात्री नऊ वाजता अर्धा तास द्याल का? ताईंनी रिपोर्टचं सॉफ्टवेअर बंद ठेवून कॉम्प्युटर चालू ठेवायचा आणि त्याचा अ‍ॅडमिन पासवर्ड जवळ ठेवायचा, एवढंच लागेल. याआधीच्या चार वेळांचे पैसे मी लावलेले नाहीत आणि लावणारही नाही. दुसऱ्याच वेळी हे करायला हवं होतं.

आपला,
वेबसाइटवाला

ता.क. गुरुवारपर्यंत नेट कितीही स्लो वाटलं तरी राउटर बंद-चालू करू नका. सामायिक पत्त्याचा तसाही भरवसा नाही, पण निदान आपल्या हाताने तरी तो बदलायला नको.